काकू, आधी सांगा काय होतंय

‘नमस्कार काकू, एसीसाठी आलोय. हे माझं कार्ड. आधी सांगा, काय होतंय? आणि मी काम करत असताना मनात येईल ते विचारत राहा, मला अडचण होत नाही.’

बेल वाजल्यावर दार उघडणाऱ्याच्या कानावर एवढं पडलं तर बरंच हायसं वाटतं. सहसा पडतं ते वेगळं. ‘एसी कुठंय?’ असं विचारत माणूस थेट बेडरूममध्ये शिरतो, रिमोट दाबतो, हवेसमोर तळहात धरतो आणि मिनिटभरात निकाल देतो, ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ मे महिना असतो, घरात म्हातारं माणूस नाहीतर तान्हं मूल असतं, बाहेर पस्तीस-छत्तीस डिग्री आणि मुंबईकडचा दमट उकाडा. आपण म्हणतो, भरा बाबा. काही हजार रुपये जातात, एसी गार होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच संवाद जसाच्या तसा पुन्हा घडतो.

या दोन माणसांत फरक शिष्टाचाराचा आहे असं आपल्याला वाटतं. पहिला गोड बोलतो, दुसरा घाईत असतो, एवढंच. पण ठाणे आणि नवी मुंबईत वर्षानुवर्षं एसी दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकबरोबर मी उन्हाळ्यात घरोघर हिंडलो, तेव्हा लक्षात आलं की दारातलं ते बोलणं म्हणजे त्याचं पहिलं हत्यार आहे. पिशवीतला गेज आणि क्लॅम्प मीटर नंतर निघतात. बिघाडाचा निम्मा शोध चपला काढता काढता लागलेला असतो.

याचं कारण यंत्राच्या रचनेत आहे. स्प्लिट एसीतला गॅस हा स्वयंपाकाच्या गॅससारखा जळून खर्च होत नाही. तो तांब्याच्या नळ्यांच्या बंद फेऱ्यात फिरतो. घरातल्या युनिटमध्ये तो द्रवाचा वायू होतो आणि तसं होताना खोलीतली उष्णता ओढून घेतो. बाहेरच्या युनिटमध्ये कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तिथे तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो. नळी कुठे फुटली नाही तर तोच गॅस दहा-पंधरा वर्षं पुरतो. म्हणून ‘गॅस संपला’ हे निदान अर्धवटच म्हणायचं. गेला असेल तर कुठून तरी गेला आहे. आणि पुष्कळदा तो गेलेलाच नसतो. हवा गार न येण्याची कारणं बरीच आहेत, त्यांतली कितीतरी घरातल्या माणसांनी पाहिलेली असतात. फक्त ती कोणी विचारलेली नसतात.

मेकॅनिकचा पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा. अजिबात गार होत नाही, की कमी गार होतं? दोन्ही तक्रारी आपण एकाच वाक्यात सांगतो, पण त्यांच्या वाटा वेगळ्या. अजिबात गार होत नसेल आणि पंखा तेवढा फिरत असेल, तर बाहेरचं युनिट चालूच होत नसण्याची शक्यता मोठी. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचं एक लक्षण तर ऐकूनच कळतं. बाहेरून घुर्र असा आवाज येतो, काही सेकंदांत टक् होऊन थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, जमत नाही, तापून बंद पडतो. बहुतेकदा दोष कपॅसिटरचा निघतो. मुठीएवढा डबा, वरचं झाकण फुगलेलं. तो बदलणं हे गॅस भरण्याच्या मानाने किरकोळ काम. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी तो आवाज रोज ऐकलेला असतो. त्या सांगत नाहीत, कारण ते सांगण्यासारखं आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

दुसरा प्रश्न वेळेचा. कधीपासून, आणि दिवसातल्या कोणत्या वेळी? डोंबिवलीतल्या एका घरात उत्तर मिळालं, रात्री छान गार होतं, दुपारी तीन ते सहा मात्र नुसता पंखा. मेकॅनिकने पिशवी खालीच ठेवली. ‘गॅस कमी असता तर रात्रीही कुरकुर झाली असती. काका, गेल्या वर्षभरात गॅलरीत काही केलंत का?’ केलं होतं. कबुतरांच्या त्रासाला कंटाळून बाहेरच्या युनिटच्या तिन्ही बाजूंनी जाळी लावली होती आणि पावसाचं पाणी नको म्हणून वर-समोर ॲक्रिलिकचा पत्रा. युनिट स्वतःच टाकलेली गरम हवा पुन्हा ओढत होतं. पश्चिमेचं ऊन उतरलं की तेवढ्यावरही भागायचं, दुपारी भागत नव्हतं. समोरचा पत्रा काढला, काम संपलं. गेज लावलाच नाही. येण्याचे पैसे तेवढे घेतले. घेतलेच पाहिजेत, कारण पत्रा काढायला सांगणं हेच कौशल्य होतं. हे मात्र आपल्याकडे अजून पचत नाही. पार्ट बदलला तर आपण पैसे देतो, डोकं चालवलं तर घासाघीस करतो.

तिसरा प्रश्न बर्फाचा. इनडोअर युनिटच्या कॉईलवर किंवा नळीवर बर्फ जमतो का, आणि जमतो तर कुठे? हा प्रश्न ऐकून लोक चकित होतात, कारण बर्फ म्हणजे उलट जास्त गारवा असं वाटतं. गॅस कमी झाला की कॉईलच्या सुरुवातीच्या भागातच तो सगळा उकळून संपतो. तेवढा भाग शून्याच्या खाली जातो, तिथे आणि बारीक नळीच्या तोंडाशी बर्फ धरतो, बाकीची कॉईल कोरडी नि कोमट राहते. फिल्टर धुळीने बुजला असेल तर गोष्ट वेगळी. गॅस पुरेसा आहे, पण वरून हवाच जात नाही, म्हणून पुरी कॉईल गोठते आणि बर्फ वितळला की भिंतीवरून पाणी ओघळतं. पहिल्यात दुरुस्ती लागते, दुसऱ्यात नळाखाली फिल्टर धुणं. पण मेकॅनिक येणार म्हणून सकाळी एसी बंद करून ठेवला तर बर्फ वितळून जातो आणि पुरावाच नाहीसा होतो. म्हणून तो फोनवरच सांगतो की माझ्या यायच्या आधी वीसेक मिनिटं एसी चालू ठेवा, बर्फ दिसला तर मोबाइलवर फोटो काढा. अपवाद एकच. जळका वास येत असेल किंवा एमसीबी पडत असेल तर हात लावायचा नाही, बंदच ठेवायचं.

घरातली माणसं साक्षीदार म्हणून चांगली असतात, न्यायाधीश म्हणून नव्हे. फोनवर ‘गॅस भरायला या’ असं सांगितलं की निदान आपण केलेलं असतं, आणि सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला मग ते मोडून काढायचं कारण राहत नाही. गेल्या आठवड्यापासून गार होत नाही, नळीवर बर्फ आहे, मागच्या मे महिन्यात गॅस भरला होता, असं डोळ्यांना दिसलेलं सांगितलं तर त्याला वाट सापडते.

आणि साक्षीदार कोण, हेही नीट पाहावं लागतं. अनेक मेकॅनिक दारातूनच विचारतात, ‘साहेब नाहीयेत का?’ साहेब असले तरी दिवसभर ऑफिसात असतात. एसी किती वाजता दम तोडतो, कुठून थेंब गळतो, आवाज कधी बदलला, हे घरात राहणाऱ्याला ठाऊक. पुष्कळदा ती आजी असते. मुंबई-ठाण्यात निम्म्याहून जास्त वेळा हा संवाद हिंदीत होतो, ‘आंटीजी, क्या प्रॉब्लेम है’ वगैरे, आणि आजी मराठीतच उत्तर देतात. दोघांचं व्यवस्थित चालतं. भाषेवाचून सहसा अडत नाही, अडतं ते आजींना न विचारल्याने.

आता एक घर जरा सविस्तर. ठाण्यातली जुनी इमारत, दुसरा मजला, मागच्या बाजूला नाला. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, आर-३२ गॅसचा, तिसरा उन्हाळा. घरात सासूबाई, सून आणि शाळकरी मुलगा. मागच्या मे महिन्यात दुसऱ्या कोणी तरी गॅस भरून दिला होता, या एप्रिलमध्ये पुन्हा तीच तक्रार. सुरू केल्यावर दहा मिनिटं बरं वाटतं, मग नुसती हवा, आणि बाहेरचं युनिट थांबायचं नावच घेत नाही.

नेहमीचे प्रश्न झाले. बर्फ बारीक नळीच्या टोकाशी आणि कॉईलच्या एकाच कोपऱ्यात, बाकी कोरडं. म्हणजे इथे गॅस खरोखरच कमी होता. मग त्याने सासूबाईंना एक विचित्र प्रश्न केला. ‘आजी, देवाची चांदी लवकर काळी पडते का हो?’

‘अरे, निरांजन घासून ठेवलं की पंधरा दिवसांत परत काळं! आमच्या माहेरी असं नव्हतं.’

सून हसली. मेकॅनिक हसला नाही. नाल्यातली घाण सडते तेव्हा हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सुटतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो. चांदीवर तो काळा थर धरतो हे आपण रोज पाहतो, तांब्यालाही तो सोडत नाही. एसीच्या कॉईलमधली तांब्याची नळी आतून गॅसला जपते, पण बाहेरून घरातली हवाच तिच्यावरून फिरत असते. हल्लीच्या नळ्या बारीक आणि पातळ, भिंतीची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. थर धरतो, खड्डा पडतो, आणि दोन-तीन वर्षांत सुईच्या टोकाएवढं छिद्र. त्यातून गॅस दिसत नाही, ऐकू येत नाही, महिनोन् महिने झिरपत राहतो.

आजींचं निरांजन हा काही गावठी तोडगा नव्हे. डेटा सेंटरांत, म्हणजे हजारो संगणक एका छताखाली चालतात तिथे, बाहेरची हवा यंत्रांना घातक आहे का हे पाहायला तांब्याची आणि चांदीची पट्टी महिनाभर टांगून ठेवतात आणि तिच्यावर किती जाड थर चढला ते मोजतात. ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या भागात अशी केंद्रं आहेत. तिथे जे प्रयोगशाळेत मोजतात, ते इथे देवघरात मोजून झालं होतं.

कॉईल उघडण्याआधी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. ‘ताई, अर्धा-पाऊण तास गॅसची शेगडी नको, देवाजवळचा दिवा-उदबत्ती पण नको. खिडक्या उघड्या ठेवूया.’ जुन्या एसीतला आर-२२ पेट घेत नसे, पण ओझोनच्या थराला तो मारक, म्हणून माँट्रियल करारानुसार तो हद्दपार होत चालला आहे. त्याच्या जागी आलेला आर-३२ सौम्य ज्वलनशील गटात मोडतो. उघड्या हवेत तो सहजासहजी पेटत नाही, पण बंद खोलीत साठला तर धोका आहे, आणि ज्वाळेशी गेला तर त्यातून विषारी वायू तयार होतात. काही कंपन्यांच्या एसीत आर-२९० असतो. तो म्हणजे प्रोपेन, एलपीजीचाच सख्खा भाऊ, तिथे तर काळजी आणखी वाढते. गॅसचं नाव आणि त्याचं वजन बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. इथे लिहिलं होतं आर-३२, ०.७८ किलो.

तपासणी सुरू झाली. आधी संशय नेहमीच्या जागेवर, जिथे नळ्या नटाने जोडलेल्या असतात तिथे. या फ्लेअर नटांवर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. मग त्याने इनडोअरचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला. कॉईलच्या कडेला तांब्याच्या नळ्या इंग्रजी ‘यू’सारख्या वळतात, ती वळणं लालसर असायला हवी होती. इथे ती काळी होती, निरांजनाइतकीच. सुनेला बोलावून त्याने ती दाखवली. उरलेला गॅस काढून घेतला, बाहेरच्या युनिटचे व्हॉल्व्ह बंद ठेवून इनडोअर बाजूत कोरडा नायट्रोजन भरला आणि गेजचा काटा ३०० पीएसआयवर आणून अर्धा तास थांबला. नायट्रोजनच का, हे मुलाने विचारलं. तो कशाशी लवकर मिसळत-जळत नाही म्हणून. कोणी ऑक्सिजन वापरायला निघालं तर काम तिथेच थांबवा, आत तेल असतं, स्फोट होतो, असं त्याने त्याला समजावलं.

अर्ध्या तासाने काटा २८० वर. काळ्या वळणांवर साबणाचं पाणी सोडल्यावर तिसऱ्या वळणावर बारीक, दुधासारखा फेस आला. मोठा बुडबुडा नाही, नुसता फेस. गेल्या वर्षी भरलेला गॅस इथून गेला होता आणि आज पुन्हा भरला असता तर तोही इथूनच गेला असता.

इथवर येईपर्यंत कुटुंबाने बरंच विचारलं होतं, कारण विचारायला दारातच सांगितलं होतं. पुढचे प्रश्न मात्र असे आहेत जे प्रत्येक घराने विचारावेत, मग मेकॅनिकने निमंत्रण दिलेलं असो वा नसो. पहिला, ‘गॅस कुठून गेला, ते दाखवाल का?’ यावर ‘तीन-चार वर्षांत थोडा जातोच’ असं उत्तर आलं तर समजावं की शोधलेलं नाही. दुसरा, ‘वजनावर भरणार का?’

या दुसऱ्या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण फसवणूक आणि अज्ञान दोन्ही इथे राहतात. पुष्कळ मेकॅनिक गेजचा काटा दाखवून सांगतात, बघा प्रेशर कमी आहे, किंवा आता बघा बरोबर झालं. एसी बंद असताना काट्यावर दिसतं ते फक्त तापमान. आत द्रव गॅस थोडासा जरी शिल्लक असला तरी ३० डिग्रीला आर-३२ चा दाब २६५ पीएसआयच्या आसपास दिसणार, मग आत ७०० ग्रॅम असो की ३००. एसी चालू असताना काटा काही सांगतो, पण इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असतो आणि त्याबरोबर काटाही हलतो. खात्रीचा मार्ग एकच. यंत्र पूर्ण रिकामं करायचं, सिलिंडर डिजिटल वजनकाट्यावर ठेवायचा आणि पट्टीवर लिहिलंय तेवढे ग्रॅम आत सोडायचे. नळ्या नेहमीपेक्षा लांब असतील तर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे मीटरमागे थोडे जास्त. जास्त भरला म्हणजे जास्त गार होतं असं नाही, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि गारवा उलट घटतो.

तिसरा प्रश्न व्हॅक्यूमचा. गॅस भरण्यापूर्वी पंप लावून नळीतली हवा आणि दमटपणा ओढून काढावा लागतो. मुंबईच्या हवेत हे टाळणं म्हणजे आत पाणी कोंडणं. ते पाणी कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार करतं आणि वर्ष-दोन वर्षांत कॉम्प्रेसरच जातो. पंप वीस मिनिटांच्या वर चालला पाहिजे, आणि बंद केल्यावर काटा जागच्या जागी थांबला पाहिजे. व्यवस्थित काम करणाऱ्याकडे त्यासाठी वेगळा मीटर असतो, त्यावर आकडा ५०० मायक्रॉनच्या खाली यावा लागतो. तो नसेल तरी ‘पंप किती वेळ चालवणार?’ हे विचारता येतं. ‘गरज नाही, गॅसनेच हवा ढकलून काढतो’ हे उत्तर सर्रास मिळतं. एकेकाळी ते चालवूनही घेतलं जायचं. आर-३२ च्या बाबतीत तसं करणं म्हणजे घरात ज्वलनशील गॅस सोडणं.

विचारलं की माणसं चिडतात, असा आपला समज. काही चिडतात, खरंच. दिवसाला आठ-दहा कॉल असतात, प्रत्येक कॉलमागे ठरावीक रक्कम, मधे लोकल किंवा ट्रॅफिक. ज्याला कॉलमागे पैसे मिळतात त्याला अर्धा तास काट्याकडे बघत बसणं परवडत नाही. गॅस टॉप-अप झटपट उरकतो, गळती शोधायला अर्धा दिवस जातो. दोष एकट्या माणसाचा नाही. पण बिल आपलं आहे. आणखी एक नवी गंमत म्हणजे मोबाइलवर येणारा कोड. काम झालं, ग्राहक समाधानी आहे, हे कंपनीला कळावं म्हणून तो असतो. तो काही जण दारातच मागतात, ‘मॅडम, आधी कोड सांगा, नाहीतर कॉल उघडत नाही.’ काही कंपन्यांत सुरुवातीला आणि शेवटी असे दोन वेगळे कोड असतात. म्हणून मेसेज नीट वाचायचा. काम पूर्ण झाल्याचा कोड काम पूर्ण झाल्यावर.

ठाण्याच्या त्या घरात दोन पर्याय समोर आले. ते छिद्र ब्रेझिंगने बुजवता आलं असतं, म्हणजे त्यावर वितळवलेला धातू ओतून. मेकॅनिकने तसं करायची तयारी दाखवली, पण आधी सगळी काळी वळणं मोजून दाखवली. एक बुजवलं तर दुसरं पुढच्या हंगामात फुटेल, तुमचे पैसे गॅसमध्ये जातील. दुसरा पर्याय अख्खी कॉईल बदलण्याचा, महागडा. सुनेने बिल शोधलं. कॉईलला वॉरंटी होती, कंपनीने पार्ट दिला, मजुरी आणि गॅस मात्र खिशातून. वॉरंटीचा तो कागद शोधायला सांगणारा मेकॅनिक कंपनीचा नव्हता, म्हणजे ते काम त्याच्या हातून जाऊ शकत होतं. कंपनीनेही पुढे काम त्यालाच करू दिलं, हा योगायोग. तसं नेहमी होत नाही.

कॉईल आल्यावर तो पुन्हा आला. तोच नमस्कार, तोच प्रश्न, मधल्या काळात काही वेगळं जाणवलं का? मग नायट्रोजन, पाऊण तास काटा स्थिर, पंप, वजनकाट्यावर ७८० ग्रॅम. वीस मिनिटं एसी चालवून त्याने छोटा थर्मामीटर आधी वरच्या जाळीशी धरला, जिथून हवा आत ओढली जाते, २९ डिग्री. मग खाली गार हवेच्या तोंडाशी, १५. चौदा डिग्रीचा फरक. दहाच्या वर असला की ठीक, असं त्याने सांगितलं आणि थर्मामीटर मुलाच्या हातात दिला. बाहेरच्या युनिटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, ग्रॅम आणि ‘नवी कॉईल’ असं लिहिलं. उद्या मी नसलो आणि दुसरा कोणी आला तर त्याला तुम्हाला विचारायला नको, म्हणाला.

निघताना आजींनी विचारलंच, ‘आता परत नाही ना जाणार?’

‘नाला तिथेच आहे आजी, तर जाणार. दहा वर्षं म्हणालात तर नाही म्हणेन. रात्री मागची खिडकी लावून घ्या, फिल्टर महिन्यातून एकदा धुवा. आणि निरांजन पंधराऐवजी आठ दिवसांत काळं व्हायला लागलं, तर एसी बिघडायची वाट न बघता मला फोन करा.’

कॉईलवर चढवण्याचं काही रसायन मिळतं का, असं सुनेने विचारलं. जाहिरातीत दिसणारं निळं कोटिंग मुख्यतः ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर असतं, तांब्याची वळणं उघडीच राहतात, हे त्याने तिला झाकण पुन्हा उघडून दाखवलं. वळणांवर लावायचं संरक्षक लॅकर मिळतं, पण ते नीट लावणारे थोडे आणि जाड लावलं तर उष्णतेची देवाणघेवाण मंदावते. ‘चांगला लावणारा सापडला तर सांगेन,’ एवढंच म्हणाला, आणि जिन्यात पुढच्या घराला फोन लावला, ‘नमस्कार काका, वीस मिनिटांत येतो. एसी आत्ताच चालू करून ठेवा.’